पट्टीवरचा आकडा यंत्राला का चकवतो

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई यांत ५०९ रुपयांच्या वर वजावट झाली आणि हाती पडला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी राज्यभर गाजली. पुढच्याच महिन्यात सरकारने अनुदान जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये मिळणार होते, आणि एका शेतकऱ्यामागे मर्यादा होती २०० क्विंटलची. अर्जाला विक्रीची पट्टी, कांद्याची नोंद असलेला सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची होती.

अहिल्यानगर जिल्ह्याला या कागदांची ओळख करून द्यायला नको. घोडेगाव, नेप्ती, वांबोरी, राहाता, पारनेर इथल्या बाजारांत कांद्याचा लिलाव झाला की आडत्याच्या गाळ्यावर पट्टी फाडली जाते. अशा हजारो पट्ट्या टेबलावर येऊन पडतात तेव्हा कोणाच्याही मनात पहिला विचार हाच येतो, की मोबाइलने फोटो काढावेत आणि संगणकाला वाचायला लावावेत. या वाचनाला ओसीआर म्हणतात. चित्रातली अक्षरे ओळखून ती टाइप केलेल्या मजकुरात उतरवणारी ही प्रणाली आहे. छापील पुस्तकाचे पान ती आता बऱ्यापैकी वाचते. पट्टी मात्र वाचताना अडखळते, आणि ते बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. असे का होते आणि त्यावरचे दोन उपाय एकमेकांहून कसे वेगळे आहेत, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

सोयीसाठी एक पट्टी समोर ठेवू. ती नमुन्याची आहे, कोणत्याही खऱ्या गाळ्यावरची नाही, पण तिची कलमे आणि रकाने ओळखीचे वाटतील. एक नंबर कांद्याच्या २८ गोण्या, वजन १,४५६ किलो, भाव क्विंटलला १,४०० रुपये, रक्कम २०,३८४. गोल्टीच्या ९ गोण्या, वजन ४५० किलो, भाव ७००, रक्कम ३,१५०. एकूण २३,५३४. खर्चात गोणीमागे ८ रुपयांप्रमाणे हमाली २९६, ३ रुपयांप्रमाणे तोलाई १११ आणि ३५ रुपयांप्रमाणे मोटारभाडे १,२९५. एकूण खर्च १,७०२. निव्वळ रक्कम २१,८३२.

आता या कागदाचा फोटो काढला. पट्टी शेतकऱ्याच्या खिशात चौघडी होऊन आलेली आहे, उजव्या कडेवर फोटो काढणाऱ्याच्याच हाताची सावली पडली आहे आणि आकड्यांवर गाळ्याचा जांभळा शिक्का बसला आहे. ओसीआरचे पहिले काम म्हणजे या रंगीत चित्राचे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करणे. त्यासाठी एक उंबरठा ठरवावा लागतो. त्याहून गडद ते शाई, फिकट ते कागद. हा उंबरठा आपोआप काढण्याची नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ ची पद्धत आजही सर्रास वापरली जाते, पण ती साऱ्या पानाला एकच उंबरठा लावते. मग सावलीतला कागदही शाई ठरतो आणि त्या बाजूचे आकडे काळ्या पट्ट्यात बुडून जातात. पानाच्या प्रत्येक भागाला वेगळा उंबरठा लावणाऱ्या पद्धती आहेत. त्या सावली सांभाळतात, पण घडीची रेघ त्यांना शाईच वाटते.

शिक्क्याचे दुखणे वेगळे. रंगीत फोटोत जांभळा रंग वेगळा काढून पुसता येतो. कार्यालयातल्या झेरॉक्सवर तोच शिक्का काळा होऊन आला, की तो आणि आकडा यांची फारकत कायमची अशक्य होते. म्हणूनच झेरॉक्सचा फोटो कधीही मूळ पट्टीच्या फोटोपेक्षा वाईट वाचला जातो, डोळ्यांना ती प्रत कितीही ठसठशीत दिसो.

त्यानंतर येतात रेघा. पट्टीवर रकाने आखलेले असतात. उभी रेघ आणि तिला चिकटलेला आकडा यांच्यात यंत्राची गल्लत होते. कधी ती रेघ दंड म्हणून वाचली जाते, कधी एकचा आकडा म्हणून. गोल्टीच्या वजनाच्या डावीकडची रेघ एक झाली की ४५० किलोचे १,४५० किलो होतात. ‘५००/-’ मधली तिरपी रेघही अशीच एक होऊन बसते आणि पाचशेचे पाच हजार एक होतात. मग कोणी म्हणेल, आधी रेघाच पुसून टाका. इंग्रजी कागदावर हे बऱ्यापैकी चालते. देवनागरीत आडव्या रेघा पुसणारे साधन शिरोरेषाही पुसून टाकते, आणि शिरोरेषा गेलेला मराठी शब्द यंत्राच्या दृष्टीने सुट्या तुकड्यांचा ढीग असतो.

हे सगळे निभावले तरी खरा पेच पुढे आहे. ओसीआरमध्ये सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या मुक्त प्रणालींपैकी एक म्हणजे टेसरॅक्ट. तिची सुरुवात १९८० च्या दशकात एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली, २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती चेताजालावर चालते. म्हणजे ती एकेक अक्षर सुटे पाहत नाही. आख्खी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि शेजारची अक्षरे पाहून मधल्याचा अंदाज बांधते. ‘कांदा’ मधला अनुस्वार घडीत गेला तरी ‘कादा’ असा शब्द नसतो हे तिला सरावाने ठाऊक असते. संख्येत ही सोय नाही. ४,३७५ आणि ४,८७५ या दोन्ही तितक्याच सरळ संख्या आहेत. शेजारचा आकडा मधल्याबद्दल काहीच सांगत नाही. ओसीआरच्या अचूकतेचा मोठा वाटा अशा शेजारधर्मातून येतो, आणि पट्टीवर नेमका तोच मिळत नाही.

त्यात मराठी कागदावर दोन लिप्यांचे आकडे एकत्र नांदतात. मथळा आणि छापील क्रमांक इंग्रजी आकड्यांत, रक्कम देवनागरीत, तारीख लिहिणाऱ्याच्या मर्जीनुसार. म्हणून प्रणालीला दोन्ही लिप्या एकदम चालू ठेवायला सांगावे लागते:

```
tesseract patti.png patti -l mar+eng --psm 6 tsv
```

इथे `mar+eng` म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही, `--psm 6` म्हणजे पान हा मजकुराचा एकच सलग ठोकळा समजणे, आणि `tsv` म्हणजे उत्तर तक्त्याच्या रूपात देणे. संकट `mar+eng` मध्येच आहे. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 शेजारी ठेवून पाहा. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 पाहा. फोटो थोडा पुसट असला की १,४०० चे 9,800 होतात. यंत्राने ठिपका चुकीचा पाहिलेला नसतो, आकार बरोबरच पाहिलेला असतो. चुकलेली असते ती लिपी.

याची किंमत अनुदानाच्या भाषेत मोजता येते. नमुन्याच्या पट्टीचे एकूण वजन १,९०६ किलो, म्हणजे १९.०६ क्विंटल. ३५० रुपयांनी अनुदान होते ६,६७१ रुपये. पहिला १ हा 9 वाचला गेला तर वजन ९९.०६ क्विंटल होते आणि अनुदान ३४,६७१. फरक २८,००० रुपयांचा. २०० क्विंटलची मर्यादा तपासणारा नियम इथे गप्प बसेल, कारण ९९ क्विंटल मर्यादेच्या आतच आहेत. उलट दिशेची चूक शेतकऱ्याला मारते. इंग्रजीत लिहिलेल्या ३१ मार्चच्या तारखेतला महिन्याचा 3 हा 8 वाचला गेला की मार्चचा ऑगस्ट होतो आणि खरी पट्टी मुदतीबाहेर पडते.

‘आमची प्रणाली नव्व्याण्णव टक्के अचूक आहे’ असे विक्रेते सांगतात. ते खोटे बोलत नसतात, पण ते टक्के अक्षरांचे असतात. दर अक्षर नव्व्याण्णव टक्के बरोबर येत असेल तर सोळा आकडी खाते क्रमांक सगळाच्या सगळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के उरते. शंभर खात्यांत पंधरा चुकीची. बँकांना हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. धनादेशाच्या तळाची पांढरी पट्टी त्यातूनच आली. तिथले आकडे चुंबकीय शाईने, ई-१३बी नावाच्या खास वळणात छापलेले असतात आणि त्या वळणात कोणतेही दोन आकडे एकमेकांसारखे दिसू नयेत याची काळजी घेतलेली असते. आडत्याच्या पट्टीला अशी चैन कुठली.

इथपर्यंतचे सगळे प्रश्न वाचनाचे. दुसऱ्या जातीचे प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि नवशिक्यांची इथेच फसगत होते. समजा सगळे आकडे अगदी बरोबर वाचले गेले. हाती काय आले? संख्यांची एक रास. २३,५३४ ही एकूण विक्री, १,७०२ हा खर्च आणि २१,८३२ ही निव्वळ रक्कम, हे त्या राशीत कुठेही लिहिलेले नाही. कोणती संख्या कशाची, हे कागदावर जागेने सांगितलेले असते. अमुक शब्दाच्या समोर, तमुक मथळ्याच्या खाली. ओसीआरने ओळीमागून ओळ असा सलग मजकूर काढला की ही जागाच हरवते. पट्टीत डावीकडे माल आणि उजवीकडे खर्च अशी मांडणी असेल तर एकाच ओळीत ‘गोल्टी ९ ४५० ७०० ३,१५० तोलाई १११’ असे कडबोळे मिळते.

सुदैवाने जागा पूर्णपणे हरवत नाही. वर मागितलेल्या तक्त्यात प्रत्येक शब्दाभोवतीच्या चौकटीचे माप येते. नको ते रकाने गाळले तर तो असा दिसेल:

```
left  top   width  height  conf  text
170   1984  150    46      91    निव्वळ
335   1984  128    46      88    रक्कम
1275  1984  190    44      93    २१,८३२
```

पहिले दोन रकाने शब्द डावीकडून आणि वरून किती ठिपक्यांवर आहे ते सांगतात, पुढचे दोन त्याची रुंदी आणि उंची. `conf` म्हणजे यंत्राचा स्वतःवरचा भरवसा, शंभरपैकी. पुढचे दोन्ही उपाय या तक्त्यावरच उभे आहेत.

पहिला उपाय साच्याचा. एखाद्या माणसाने कागद एकदा नीट पाहायचा आणि यंत्राला सांगून ठेवायचे, की निव्वळ रक्कम तळाशी उजवीकडे अमुक चौकटीत असते, तिथलाच आकडा उचल. किंवा जागेऐवजी खुणेचा शब्द द्यायचा, की ‘निव्वळ रक्कम’ हे शब्द शोध आणि त्यांच्यानंतर येणारा पहिला आकडा घे. हे दुसरे असे लिहितात:

```
निव्वळ\s*रक्कम[^०-९0-9]*([०-९0-9,]+)
```

अर्थ सोपा आहे. ‘निव्वळ’, मध्ये जागा असली तर ती, ‘रक्कम’, मग आकडा नसलेले काहीही ओलांडून पुढे जा आणि आकडे-स्वल्पविरामांची जी साखळी लागेल ती उचल. यात दशांशाचा ठिपका लिहायचा राहिला आहे. सोलापूरच्या त्या पट्टीवरचे २ रुपये ४९ पैसे या सूत्राने दोन रुपयेच होतील. योगायोगाने धनादेशही तेवढ्याचाच निघाला होता, म्हणून ही चूक त्या एका कागदावर कोणाला सापडलीही नसती.

साच्याला कमी लेखण्याची सध्या फॅशन आहे. प्रस्तुत वक्त्याला ती मान्य नाही. याच जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि त्यानंतर कारखानदारी वाढत गेली. एखाद्या कारखान्याचे ऊसबिल घ्या. हजारो सभासदांना तो एकच कागद देतो. एकाच संगणकातून निघालेला, वजनाचा रकाना त्याच जागी, सोसायटीच्या वसुलीचा त्याच जागी. इथे साचा एकदा बसवला की हंगामभर काम करतो, साध्या संगणकावर चालतो, आणि चुकला तर का चुकला हे बोट ठेवून दाखवता येते. लेखापरीक्षकासमोर या शेवटच्या गुणाचे मोल फार आहे. काळजी एकच घ्यावी लागते. उसाचे वजन टनात आणि दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत छापलेले असते. ठिपका गेला की १४.५६५ टनांचे चौदा हजार होतात, म्हणून साच्यात ‘शेवटचे तीन आकडे दशांशाचे’ हा नियम घालून ठेवावा लागतो.

कांद्याच्या पट्टीवर हाच साचा कोलमडतो. इथे कागद देणारा एक नाही. प्रत्येक आडत्याचे पट्टीपुस्तक त्याच्या ओळखीच्या छापखान्यात छापलेले, काहींचे संगणकावरचे. एक जण ‘निव्वळ रक्कम’ म्हणतो, दुसरा ‘शेतकऱ्यास देय’, तिसरा ‘बाकी देणे’. काही पट्ट्यांत ‘एकूण’ हा शब्द दोनदा येतो, एकदा विक्रीचा आणि एकदा खर्चाचा. पहिल्या ‘एकूण’ वर थांबणारा साचा निव्वळ रकमेच्या जागी २३,५३४ उचलतो. आकडा अस्सल असतो, फक्त चुकीच्या प्रश्नाचे उत्तर असतो. शिवाय नियम बदलतात. महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. खर्चाचे एखादे कलम असे गळले की खालच्या सगळ्या ओळी वर सरकतात आणि जागेवर बेतलेला साचा हमालीला तोलाई म्हणू लागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे हे करताना तो ओरडत नाही. चौकटीत आकडा सापडला, उचलला, संपले.

दर आडत्यामागे एक साचा करता येईल. करणारे करतातही. पण मग पट्टी कोणत्या आडत्याची हे आधी ओळखावे लागते, आणि नवे पुस्तक छापले गेले की नवा साचा. साच्यांची देखभाल हेच एक खाते होऊन बसते.

दुसरा उपाय मांडणी समजून घेणाऱ्या प्रारूपांचा. त्यातले गाजलेले पहिले नाव लेआउटएलएम. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ते २०१९ च्या अखेरीस मांडले. कल्पना अशी, की यंत्राला शब्द शिकवताना त्याची पानावरची जागाही सोबत शिकवायची. वरच्या तक्त्यातली मापे त्यासाठी ० ते १००० च्या पट्टीवर आणतात. नमुन्याची पट्टी वहीच्या अर्ध्या पानाएवढी, १,७४८ ठिपके रुंद आणि २,४८० ठिपके उंच धरली, तर २१,८३२ हा शब्द डावीकडून ७२९ आणि वरून ८०० वर येतो. कागद लहान असो वा मोठा, फोटो जवळून काढलेला असो वा लांबून, तळाशी उजवीकडे म्हणजे साधारण तिथेच.

मग या प्रारूपाला लाखो कागद दाखवतात. लेआउटएलएमने पाहिले सुमारे एक कोटी दहा लाख पानांचे भांडार, जे मुळात अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांवरच्या खटल्यांतून बाहेर आलेल्या कागदपत्रांचे आहे. त्यातून ते एक सर्वसाधारण जाण कमावते. डावीकडे शब्द आणि त्याच ओळीत उजवीकडे संख्या असेल तर ती बहुधा त्या शब्दाची असते. रकमांच्या उभ्या रांगेतली तळची संख्या बहुधा बेरीज असते. यानंतर आपल्या पट्ट्यांची पाळी. काहीशे पट्ट्यांवर माणसांनी खुणा करायच्या, की ही एकूण विक्री, हा खर्च, ही निव्वळ रक्कम, ही तारीख. प्रारूप त्यावरून शिकते की ‘शेतकऱ्यास देय’ हे शब्द आधी पाहिलेले नसले तरी खर्चाच्या बेरजेखालची, उजव्या कोपऱ्यातली संख्या ही निव्वळ रक्कमच असावी. न पाहिलेल्या आडत्याच्या पुस्तकावरही त्याचा निभाव लागतो. साच्याला हे कधीच जमणार नाही.

या खुणा कोण करतो यावर बरेच अवलंबून असते. संगणक शिकलेल्या पण बाजार न पाहिलेल्या मुलाने ‘वाराई’ ला माल समजून खूण केली तर प्रारूप तेच शिकेल. बाजार समितीतला एखादा जुना कारकून या कामाला अधिक योग्य. शिवाय मराठीचा हात इथे आखूडच आहे. अर्जांच्या मांडणीसाठी जगभर वापरला जाणारा एक्सएफयूएनडी हा बहुभाषी संच सात भाषांचा आहे, आणि त्यांत एकही भारतीय भाषा नाही. म्हणजे आपल्या पट्ट्यांवरच्या खुणा आपल्यालाच कराव्या लागतात.

आता दोन्ही उपाय एकाच पट्टीवर पाहू. ओसीआरने एक नंबर कांद्याचा भाव १,४०० ऐवजी 9,800 वाचला आहे, बाकी सारे बरोबर. साचा भावाच्या चौकटीतून 9,800 उचलेल. मांडणी जाणणारे प्रारूपही 9,800 वर अचूकपणे ‘भाव’ अशी चिठ्ठी लावेल. दोघांत फरक शून्य. संख्या कुठली हे दोघांनाही कळले, पण ती वाचली गेली होती चुकीची, आणि लेआउटएलएमसारखे प्रारूप ओसीआरने दिलेल्या शब्दाला हात लावत नाही. विक्रीच्या पत्रकात हे कोणी ठळक अक्षरांत छापत नाही. मांडणीची जाण दुसऱ्या जातीच्या चुका बऱ्या करते, पहिल्या जातीच्या नाही. ओसीआर वगळून चित्रातून थेट उत्तर लिहिणारी प्रारूपेही आली आहेत. ती वाचनातल्या काही चुका टाळतात, पण पुसट आकड्याच्या जागी शोभेल असा आकडा स्वतः रचूनही ठेवतात, आणि तो कागदावर कुठून आला हे चौकट दाखवून सांगता येत नाही.

`conf` चा आधार घ्यावा तर तोही अपुरा आहे. तो आकडा सांगतो की आकार यंत्राला किती ओळखीचा वाटला. १ ला 9 समजणाऱ्या यंत्राला तो 9 अगदी ओळखीचा वाटलेला असू शकतो.

तरीही 9,800 पकडता येतो, कारण पट्टी स्वतःच स्वतःचा हिशेब तपासते. १४.५६ क्विंटल गुणिले ९,८०० म्हणजे १,४२,६८८ रुपये. कागदावर रक्कम आहे २०,३८४. गुणाकार जुळत नाही, तेव्हा तीन आकड्यांपैकी किमान एक चुकलेला आहे. आता खाली पाहायचे. २०,३८४ आणि ३,१५० मिळून २३,५३४ होतात. त्यातून १,७०२ वजा जाता २१,८३२ उरतात. बेरीज-वजाबाकी चोख, म्हणून रक्कम बरोबर धरायला हरकत नाही. उरले वजन आणि भाव. भाव खरोखर ९,८०० असेल तर २०,३८४ रुपयांना माल बसतो २ क्विंटल ८ किलो. २८ गोण्यांत २०८ किलो म्हणजे गोणीत साडेसात किलोही नाही. घोडेगावच्या हमालाला विचारले तर तो हसेल, कारण कांद्याची गोणी पन्नास किलोच्या आसपास भरते, आणि १,४५६ किलोंना २८ ने भागले की बरोबर ५२ येतात. म्हणजे वजन खरे, भाव चुकला. २०,३८४ भागिले १४.५६ केले की नेमके १,४०० मिळतात, आणि १ चे 9, ४ चे 8 ही गल्लत ठाऊक असल्यामुळे चूक कशी घडली तेही उलगडते. हमाली आणि तोलाईही याच कामाच्या. २९६ भागिले ८ म्हणजे ३७, १११ भागिले ३ म्हणजे ३७, आणि २८ अधिक ९ म्हणजेही ३७.

इथे एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे ‘असा आकडा असूच शकत नाही’ असे नियम लिहिण्याचा. निव्वळ रक्कम शंभर रुपयांच्या खाली गेली तर पट्टी चुकीची समजा, असा नियम कोणीही शहाणा माणूस लिहून ठेवील. सोलापूरचा दोन रुपयांचा हिशेब त्या नियमाने बाद झाला असता. गुणाकार-वजाबाकीची कसोटी मात्र त्याने सहज पार केली असती, कारण तो खरा होता. पट्टीतले आकडे आपसांत जुळतात का हे विचारावे, ते आपल्या कल्पनेशी जुळतात का हे नाही.

ज्या आकड्यांना असा हिशेब नसतो त्यांची तपासणी बाहेरून करावी लागते. आयएफएससी संकेतांक अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचवे स्थान नेहमी शून्याचे. तिथे इंग्रजी ओ आला तर तो बेधडक शून्य करता येतो. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो, त्यामुळे एक आकडा चुकला की क्रमांक लगेच खोटा पडतो. पट्टीवरची तारीख आणि बँकेचा खाते क्रमांक यांना मात्र असा सर्वत्र सारखा आधार नाही. ती दोन कलमे दोन माणसांनी एकमेकांना न विचारता टाइप करावीत आणि दोन्ही नोंदी जुळल्या तरच पुढे जाऊ द्याव्यात, हा जुना मार्ग अजून बदललेला नाही.

तेव्हा कोणी नेप्तीच्या किंवा वांबोरीच्या पट्ट्या यंत्राकडून वाचून घ्यायचे ठरवलेच, तर क्रम साधारण असा राहील. फोटो मूळ पट्टीचा, रंगीत, सावली टाळून. मग ओसीआर, मग मांडणी जाणणारे प्रारूप, मग हिशेबाची कसोटी. ऊसबिले याच रांगेत घालायची नाहीत, त्यांना साचाच पुरतो. हिशेब जुळला नाही ती पट्टी कारकुनाच्या टेबलावर, चुकलेल्या कलमाची चौकट रंगवून, म्हणजे त्याला सगळा कागद पुन्हा वाचावा लागत नाही. आणि बॉलपेनने, कार्बन ठेवून लिहिलेल्या पट्ट्या, ज्यांची दुसरी प्रत फिकट निळी आणि किंचित सरकलेली असते, त्या पहिल्यापासूनच वेगळ्या काढायच्या. टेसरॅक्टचा सराव छापील अक्षरांवर झालेला आहे. हस्ताक्षर वाचणारी प्रारूपे वेगळी असतात, आणि त्यांना प्रत्येक गाळ्यावरच्या मुनिमाचे वळण नव्याने शिकवावे लागते.